कावीळ, पण पोटात दुखत नव्हतं: अण्णांचे ऑपरेशनपर्यंतचे दहा आठवडे

१२ ऑगस्ट २०२४ ला अण्णा पहिल्यांदा म्हणाले की लघवी चहासारखी लाल होतेय. वय ६४, दारू नाही, तंबाखू नाही, थोडी शुगर. आम्ही म्हटलं, पाणी कमी पडत असेल. त्याच आठवड्यात रात्री तळहात आणि तळपायांना खाज सुटायला लागली. खाजेला मलम आणलं. १९ तारखेला राखीपौर्णिमेला आत्या आली, ओवाळताना निरांजन जवळ गेलं आणि तीच म्हणाली, "अरे, डोळे किती पिवळे झालेत तुझे!" पोटात दुखत नव्हतं, ताप नव्हता, उलटी नव्हती. त्यामुळे कोणालाच घाबरण्यासारखं वाटलं नाही.

मी कराडला पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, म्हणून पुढचे आकडे मला वाचता येत होते. ज्यांना येत नाहीत त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

पहिले पाच दिवस आम्ही गावच्या औषधात घालवले. कावीळ उतरवणाऱ्याने चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले, पाणी पिवळं झालं, सगळ्यांना बरं वाटलं. जोडीला तेल-तूप बंद, हळद बंद, अंडी बंद, फक्त उसाचा रस आणि भात. चुन्याच्या पाण्याच्या पिवळेपणाचा रक्तातल्या बिलीरुबिनशी, म्हणजे कावीळ आणणाऱ्या पिवळ्या द्रव्याशी, काही संबंध नसतो. विषाणूमुळे होणारी कावीळ बहुतेक वेळा आपोआप उतरते, म्हणून अशा औषधांना यश आल्यासारखं दिसतं. नळी तुंबून झालेली कावीळ मात्र वाट पाहून उतरत नाही. या दोघींमधला फरक घरीसुद्धा ओळखता येतो. अण्णांना विचारलं तेव्हा कळलं की शौचाचा रंग पंधरा दिवसांपासून पांढुरका, मातकट होता. शौचाला रंग पित्तामुळे येतो. पित्त आतड्यात पोहोचतच नसेल तर शौच फिकट होते, आणि तेच पित्त रक्तात चढून लघवीतून बाहेर पडतं, म्हणून लघवी गडद होते. गडद लघवी, फिकट शौच आणि अंगभर खाज ही तिन्ही एकत्र असतील तर नळी बंद आहे असं समजून सोनोग्राफीला जा. दुखत नाही हा दिलासा समजू नका. पित्ताचा खडा नळीत अडकला की सहसा जोराची कळ येते. गाठ हळूहळू नळी आवळत नेते, म्हणून कळ येत नाही.

२४ ऑगस्टला रक्त दिलं. एकूण बिलीरुबिन ११.८, त्यातलं डायरेक्ट, म्हणजे लिव्हरने प्रक्रिया केलेलं, ९.६. नळी तुंबली की वाढणारं अल्कलाइन फॉस्फेटेज ६४२. लिव्हरच्या पेशींना इजा झाली की वाढणारं एसजीपीटी मात्र फक्त ११८. विषाणूच्या काविळीत एसजीपीटी बरेचदा हजाराच्या पुढे जातं आणि अल्कलाइन फॉस्फेटेज थोडंच वाढतं. इथे चित्र नेमकं उलटं होतं. हिपॅटायटिसच्या तपासण्या निगेटिव्ह आल्या.

२७ तारखेला उपाशीपोटी सोनोग्राफी केली, १,२०० रुपये. उपाशी जायचं ते पित्ताशय भरलेलं दिसावं आणि आतड्यात गॅस कमी असावा म्हणून. रिपोर्टमध्ये होतं: लिव्हरमधल्या पित्तनलिका फुगलेल्या, मुख्य पित्तनलिका १६ मिलिमीटर, पित्ताशय ताणलेलं, खडा नाही, नलिकेचा खालचा भाग गॅसमुळे दिसत नाही. मुख्य नलिका साधारण ६-७ मिलिमीटरची असते. सोनोग्राफीने दोन गोष्टी पक्क्या केल्या, एक म्हणजे अडथळा आहे, आणि दुसरं म्हणजे तो खाली आहे, कारण वरपासून पित्ताशयापर्यंत सगळं फुगलं होतं. अडथळा कशाचा हे तिला सांगता आलं नाही. नळीचं शेवटचं टोक स्वादुपिंडाच्या आत आणि आतड्याच्या मागे असतं, तिथे गॅस आडवा येतो. रिपोर्टमध्ये "गाठ दिसली नाही" असं असेल तर त्याचा अर्थ "गाठ नाही" असा घेऊ नका.

इथेच आमच्याकडून मोठी चूक होता होता राहिली. एका हॉस्पिटलमध्ये सांगितलं, "आजच ॲडमिट करा, दुर्बिणीने स्टेंट टाकू, कावीळ उतरेल, मग बघू." स्टेंट म्हणजे तुंबलेली पित्तनलिका उघडी ठेवणारी छोटी नळी. आम्ही हो म्हणालो होतो. फॅमिली डॉक्टरांनी फोनवर थांबवलं. त्यांचं म्हणणं होतं की ताप नाही, अण्णा शुद्धीत आणि चालते-फिरते आहेत, तर आधी सीटी आणि एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय, करा, स्टेंट त्यानंतर. त्याचं कारण मला नंतर सर्जननी फिल्मवर दाखवलं. स्टेंट आत गेला की फुगलेली नळी मिटते, नळीभोवती सूज येते, आणि धातूचा स्टेंट असेल तर सीटीत त्याच्या चकाकीमुळे आसपासचं अंधूक दिसतं. मग गाठ कुठे संपते, शेजारच्या मोठ्या रक्तवाहिनीला चिकटली आहे का, हे ठरवणं अवघड होतं. ऑपरेशन होऊ शकतं की नाही, हे त्याच एका उत्तरावर ठरतं.

२९ ऑगस्टला तीन टप्प्यांचा कॉन्ट्रास्ट सीटी झाला, ७,५०० रुपये. आदल्या दिवशी किडनीसाठी क्रिएटिनिन केलं, ते १.१ होतं म्हणून कॉन्ट्रास्ट देता आला. शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर सीटीच्या आधीच सांगा, किडनीच्या आकड्यानुसार ते थांबवायचं का हे डॉक्टर ठरवतात. कॉन्ट्रास्ट शिरेतून गेल्यावर आधी धमन्या उजळतात, मग पोर्टल शीर. त्या त्या वेळी फोटो घेतल्यामुळे गाठ कोणत्या वाहिनीला लागून आहे ते कळतं. ३१ तारखेला एमआरसीपी झाली, ६,५०० रुपये. त्यात कॉन्ट्रास्ट लागत नाही. साचलेलं पाणी आणि पित्त एमआरआयमध्ये पांढरं दिसतं, त्यामुळे पित्तनलिकांचं झाड पडद्यावर आपोआप उमटतं. अण्णांच्या फोटोत जाड पांढरी नळी खाली येत होती आणि स्वादुपिंडात शिरल्यावर एकदम तुटल्यासारखी संपत होती. शेजारची स्वादुपिंडाची नळी मात्र बारीक, सरळ, नेहमीसारखी होती. रेडिओलॉजिस्टांनी त्याच्यावर बोट ठेवलं. स्वादुपिंडाच्या डोक्यात गाठ असती तर बहुधा दोन्ही नळ्या फुगल्या असत्या. एकच फुगली, म्हणून पित्तनलिकेच्या स्वतःच्या भिंतीतून उठलेल्या गाठीचा संशय जास्त. रिपोर्टच्या शेवटी शब्द होते: मुख्य पित्तनलिकेच्या खालच्या भागात सुमारे दोन सेंटिमीटरचा अडथळा, कोलॅन्जिओकार्सिनोमाची, म्हणजे पित्तनलिकेच्या कॅन्सरची, शक्यता. रक्तवाहिन्या मोकळ्या, लिव्हरमध्ये डाग नाही. मी लॅबमध्ये असे शब्द रोज टाइप होताना बघते. तरी त्या दिवशी ती ओळ मी चार वेळा वाचली आणि अण्णांना मात्र इतकंच सांगितलं की नळीत अडथळा सापडला आहे, पुण्याला जायचं आहे.

पुण्याला जाताना रिपोर्टचे कागद पुरत नाहीत. सर्जनला मूळ प्रतिमा लागतात, आणि त्या डायकॉम, म्हणजे स्कॅनच्या मूळ फाइलच्या, स्वरूपात असाव्या लागतात. आमच्या पहिल्या सीडीत नुसते जेपीईजी फोटो निघाले, त्यासाठी पुन्हा कराडचा हेलपाटा झाला. सेंटरमधून निघण्याआधी विचारून घ्या.

३ सप्टेंबरला पुण्यात पोटाच्या कॅन्सरच्या सर्जननी तपासलं. उजव्या बरगडीखाली हात ठेवून त्यांनी मला दाखवलं, ताणलेलं पित्ताशय हाताला लागत होतं आणि दाबूनही दुखत नव्हतं. बिलीरुबिन तोपर्यंत १६.४ झालं होतं, रक्तातलं प्रोटीन अल्ब्युमिन २.९, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आयएनआर १.७, वजन ६२ चं ५६. सीए १९-९ हा कॅन्सरचा मार्कर ४१२ आला, नॉर्मल ३७ पर्यंत. तो आकडा बघून मी हादरले, पण सर्जन म्हणाले, "हा आत्ता धरू नका. पित्त तुंबलं की कॅन्सर नसतानाही हा वाढतो. कावीळ उतरली की पुन्हा करू." आयजीजी४ सुद्धा केलं. नळीला सूज येऊन हुबेहूब गाठीसारखं दिसणारा एक आजार असतो, तो स्टेरॉइडने बरा होतो आणि त्याला ऑपरेशन लागत नाही. ते नॉर्मल आलं.

आयएनआर का वाढला, हे समजून घेण्यासारखं आहे. व्हिटॅमिन के शोषायला आतड्यात पित्त लागतं. पित्त नाही, तर व्हिटॅमिन के नाही, आणि ते नसलं की लिव्हरला रक्त गोठवणारी द्रव्यं नीट बनवता येत नाहीत. म्हणून तीन दिवस १० मिलिग्रॅम व्हिटॅमिन के शिरेतून दिलं. आयएनआर १.२ वर आला. म्हणजे लिव्हर काम करत होतं, त्याला कच्चा माल मिळत नव्हता. इंजेक्शन देऊनही आयएनआर उतरला नसता तर ती वेगळी आणि जास्त काळजीची गोष्ट होती.

मग मुख्य प्रश्न आला, सरळ ऑपरेशन की आधी स्टेंट? मला वाटत होतं की कावीळ उतरवूनच ऑपरेशन करतात. सर्जननी सांगितलं की तसा नियम नाही. २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात स्वादुपिंडाच्या डोक्याच्या गाठीचे काविळीचे रुग्ण दोन गटांत वाटले होते, काहींचं ऑपरेशन लगेच, काहींना आधी स्टेंट. गंभीर गुंतागुंत लगेच ऑपरेशन झालेल्यांमध्ये ३९ टक्के होती आणि आधी स्टेंट टाकलेल्यांमध्ये ७४ टक्के. स्टेंट आतड्यातले जंतू पित्तात नेतो, तो तुंबू शकतो, आणि टाकताना स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. म्हणून खालच्या अडथळ्यात बिलीरुबिन फार नसेल, ताप नसेल आणि आठवडाभरात टेबल मिळत असेल, तर बरेच सर्जन स्टेंट टाळतात. पण त्या अभ्यासात बिलीरुबिन साधारण १४.६ पर्यंतचेच रुग्ण घेतले होते, आणि तेव्हाचे स्टेंट प्लास्टिकचे होते. अण्णा त्या रेषेच्या पलीकडे होते. अल्ब्युमिन खाली, वजन उतरलेलं, आणि ऑपरेशनची तारीख तीन आठवडे पुढची. पित्त तुंबलेलं असताना जंतुसंसर्ग, किडनीवर ताण आणि रक्तस्राव यांचा धोका वाढतो. ५ सप्टेंबरला त्यांच्या ट्यूमर बोर्डमध्ये, म्हणजे कॅन्सरच्या तज्ज्ञांच्या बैठकीत, ठरलं की स्टेंट टाकून सहा आठवडे ताकद भरून काढायची. ईआरसीपीची, म्हणजे दुर्बिणीने स्टेंट टाकण्याची, तारीख मिळाली ११ सप्टेंबर.

अडथळा वर, म्हणजे लिव्हरच्या दाराशी असेल, तर हे गणित बदलतं. तिथे डावी आणि उजवी नळी वेगळी तुंबते आणि ऑपरेशनमध्ये लिव्हरचा मोठा भाग काढावा लागतो, म्हणून जो भाग मागे राहणार तो आधी मोकळा करतात. त्यासाठी कधी बरगडीतून सुई घालून नळी टाकतात. आमचा अनुभव खालच्या अडथळ्याचा आहे. वरचा असेल तर तो तसाच्या तसा लावू नका.

७ तारखेला गणपती बसले. घरचा गणपती काकांनी बसवला, आम्ही पुण्यात चुलतभावाकडे होतो. ८ तारखेला रात्री अण्णांना हुडहुडी भरली, दात वाजायला लागले, ताप १०२.४. आम्हाला लिहून दिलं होतं की तापाबरोबर थंडी वाजली तर सकाळची वाट बघायची नाही. कावीळ आणि हुडहुडी एकत्र आली म्हणजे तुंबलेल्या पित्तात जंतू वाढले, आणि ते काही तासांत रक्तात पसरू शकतात. पॅरासिटामॉल देऊन झोपवायची ही वेळ नव्हे. रात्री साडेअकराला ॲडमिट केलं, रक्तात कोणते जंतू आहेत ते बघायला आधी ब्लड कल्चर घेतलं, मग अँटिबायोटिक सुरू केलं. स्टेंट आता निवडीचा प्रश्नच राहिला नाही. ९ तारखेला सकाळी बिलीरुबिन १८.१ होतं, आणि दुपारी ईआरसीपी झाली.

ईआरसीपी म्हणजे तोंडातून दुर्बीण आतड्यापर्यंत नेऊन, जिथे पित्तनलिका उघडते त्या छोट्या तोंडातून तार वर सारायची. एक्स-रेखाली रंग सोडून अडथळा बघायचा, नलिकेच्या तोंडाला छोटी चीर द्यायची आणि तारेवरून स्टेंट सरकवायचा. झोपेचं औषध देतात, रुग्णाला त्रास आठवत नाही. अण्णांना आत ४५ मिनिटं लागली. सुरुवातीला गुदद्वारातून १०० मिलिग्रॅम डायक्लोफेनॅकची सपोझिटरी दिली, तिने स्वादुपिंडाच्या सुजेचा धोका कमी होतो. ब्रशने पेशीही घेतल्या. त्यांचा रिपोर्ट आला "संशयास्पद, निश्चित नाही". ब्रशमध्ये कॅन्सर बरेचदा निसटतो, म्हणून असा रिपोर्ट आला तर कॅन्सर नाही असं धरायचं नसतं. फोटोत चित्र स्पष्ट असेल आणि गाठ काढण्यासारखी असेल, तर बायोप्सीचा पक्का पुरावा नसतानाही ऑपरेशन करतात. हे आधी माहीत नसलं की नातेवाईक "पुरावा नसताना कापाकापी" म्हणून अडून बसतात. आमच्याकडे तसं झालंच.

स्टेंट निवडताना मला हिशेब विचारता आला. प्लास्टिकचा १० फ्रेंचचा स्टेंट म्हणजे जेमतेम ३.३ मिलिमीटरची नळी. धातूचा उघडला की १० मिलिमीटर होतो. प्लास्टिकचा लवकर गाळाने तुंबतो, आणि ऑपरेशन लांबलं तर साधारण तीन महिन्यांत बदलावाच लागतो. आम्हाला सहा आठवडे काढायचे होते आणि एकदा संसर्ग होऊन गेला होता, म्हणून धातूचा आखूड, ४ सेंटिमीटरचा टाकला. आखूड अशासाठी, की सर्जन जिथे नळी कापून आतड्याला जोडणार तो वरचा भाग मोकळा राहावा. बिलात स्टेंटचे ४२,००० आणि सगळं मिळून १,१८,००० झाले. स्टेंट टाकण्याआधी सर्जन आणि दुर्बिणीचे डॉक्टर यांचं एकमेकांशी बोलणं झालंय का, हे विचाराच.

पहिल्या चोवीस तासांत तीन गोष्टींवर नजर ठेवायला सांगितलं होतं: वरच्या पोटातून पाठीत जाणारं दुखणं, काळी शौच आणि ताप. त्यांचा अर्थ अनुक्रमे स्वादुपिंडाची सूज, चिरेतून रक्तस्राव, आणि स्टेंट नीट न वाहणं. अण्णांना त्या रात्री थोडं दुखलं, स्वादुपिंडाचं एन्झाइम अमायलेज रक्तात दुप्पट झालं, दुसऱ्या दिवशी उतरलं. कल्चरमध्ये ई. कोलाय हा जंतू निघाला. १४ तारखेला घरी सोडलं.

घरी आल्यावर सगळ्यांना वाटलं होतं की डोळे दोन दिवसांत पांढरे होतील. तसं होत नाही. शौचाला रंग तिसऱ्याच दिवशी आला, खाज आठवड्यात गेली, पण डोळे महिनाभर पिवळट होते. बराच काळ कावीळ राहिली की बिलीरुबिनचा एक भाग अल्ब्युमिनला घट्ट चिकटतो, आणि तो अल्ब्युमिनच्याच गतीने, आठवड्यांच्या हिशेबाने उतरतो. अण्णांचे आकडे असे गेले: १६ सप्टेंबरला १०.६, २३ ला ७.१, ७ ऑक्टोबरला ३.४, १८ ला २.२. पहिल्या आठवड्यात आकडा साफ उतरलाच नाही, किंवा उतरून पुन्हा चढला, तर स्टेंट सरकला किंवा तुंबला असं समजून सोनोग्राफी करून घ्यावी. सीए १९-९ पुन्हा केलं तेव्हा ४१२ चं १६८ झालं होतं. उतरलं, पण नॉर्मल झालं नाही. या वेळी सर्जननी तो आकडा फाइलवर लिहून घेतला.

या सहा आठवड्यांचं खरं काम खाण्याचं होतं. कावीळ म्हणून बंद केलेलं सगळं आहारतज्ज्ञांनी पुन्हा सुरू केलं. दिवसाला ८० ग्रॅम प्रोटीन सांगितलं: दोन अंडी, मटकी-मुगाची उसळ, पनीर, दोन वेळा ताक, शेंगदाण्याची चटणी, वर प्रोटीन पावडर. तेल नेहमीसारखं. रोज चालणं, आणि फुप्फुसांसाठी तीन गोळ्यांचं फुंकणीसारखं यंत्र. फुंकणीसारखं दिसलं तरी त्यात हवा आत ओढायची असते, अण्णा चार दिवस फुंकत होते. ऑपरेशनआधी वजन ५८.५ आणि अल्ब्युमिन ३.५ झालं.

विम्याबद्दल थोडं. आमची पॉलिसी पाच लाखांची. पहिल्या कॅशलेसला विमा कंपनीचे क्लेम बघणाऱ्या टीपीएने पहिल्या डॉक्टरांची चिठ्ठी मागितली, तक्रार कधीपासून हे बघायला. ती चिठ्ठी जपून ठेवा आणि डॉक्टरांना तारीख अचूक सांगा. सीटी, एमआरसीपी, रक्ताची मूळ बिलं ॲडमिट होण्याआधीचा खर्च म्हणून परत मिळतात, पण पॉलिसीतल्या ३० किंवा ६० दिवसांच्या मर्यादेतलीच. स्टेंट आणि ऑपरेशन एकाच आजाराचे, त्यामुळे दोन्हींचा खर्च त्याच रकमेतून जातो. आम्ही स्टेंटनंतर उरलेली रक्कम लेखी विचारून घेतली आणि वरच्या ९५,००० ची सोय आधीच केली.

२१ ऑक्टोबरला व्हिपल ऑपरेशन झालं, सात तास. स्वादुपिंडाचं डोकं, आतड्याचा सुरुवातीचा भाग, पित्ताशय आणि खालची पित्तनलिका काढून तीन जोड दिले. स्टेंट वेगळा काढावा लागला नाही, तो कापलेल्या नळीबरोबरच गेला. चौथ्या दिवशी पोटातल्या ड्रेनच्या पाण्यात अमायलेज तपासलं, स्वादुपिंडाचा जोड गळतोय का ते बघायला. ते थोडं वाढलेलं होतं, म्हणून ड्रेन जास्त दिवस ठेवला. दोन नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी, अण्णा घरी आले. त्या दिवसापासून प्रत्येक जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर पाचक एन्झाइमची कॅप्सूल सुरू आहे. ती विसरली की शौच तेलकट होऊन पाण्यावर तरंगते.

१२ नोव्हेंबरला बायोप्सी आली. पित्तनलिकेच्या खालच्या भागाचा कोलॅन्जिओकार्सिनोमा, २.१ सेंटिमीटर, कापलेल्या कडा स्वच्छ, शेजारच्या १८ लसिका गाठींपैकी एकीत कॅन्सर. ९ डिसेंबरपासून कॅपेसिटाबिन या केमोथेरपीच्या गोळ्या सुरू झाल्या, दोन आठवडे घ्यायच्या आणि एक आठवडा थांबायचं, अशा आठ फेऱ्या. अण्णांच्या तळहातांना पुन्हा त्रास आहे, पण या वेळी खाज नाही, आग होते, आणि ती गोळ्यांमुळे. रात्री युरियाचं क्रीम लावून सुती हातमोजे घालतात, आणि कातडी सोलली तर पुढचा डोस घेण्याआधी फोन करायचा, असं ठरलं आहे.